रिकामा कोपरा

कागदावर दोन रेषा काढा. आडवीवर किंमत, उभीवर कपडे धुण्याची मेहनत. १९६९च्या सुमारास डावीकडे वर साबणाची वडी होती: स्वस्त, पण घासून घासून हात दुखवणारी. उजवीकडे खाली सर्फ: बादलीत भिजवलं की काम सोपं, पण महाग. स्वस्त पावडरीचा कोपरा मोकळा होता. अहमदाबादचे करसनभाई पटेल सायकलवरून दारोदार निरमा विकत नेमके तिथे पोचले.

ठिपके मात्र गिऱ्हाइकांनी दिलेल्या गुणांवरून मांडायचे, मालकाच्या समजुतीवरून नव्हे. किंमत आणि दर्जा अशा रेषा घेतल्या, तर बहुतेक ठिपके एकाच तिरक्या ओळीत येतात आणि उरलेले कोपरे फसवे ठरतात. महाग आणि निकृष्ट ही जागाही रिकामीच असते, कारण तिथे गिऱ्हाईकच नाही.