ओळी वर सरकतात, मॅक्रो पुढे जातो

एक्सेलच्या यादीतून नको असलेल्या ओळी काढण्यासाठी छोटा मॅक्रो लिहिण्याची पद्धत आता कार्यालयांतून चांगलीच रुळली आहे. सात-आठ ओळींचा हा मॅक्रो चाचणीत अनेकदा चोख चालतो. खऱ्या यादीवर चालवला की मात्र काही नावं जातात आणि काही तशीच राहतात. पुन्हा चालवला की उरलेल्यांतली आणखी काही जातात. ‘दोन-तीनदा चालवला की साफ होतं’ असं म्हणून लोक पुढच्या कामाला लागतात. हा एक्सेलचा लहरीपणा नव्हे. कोणती ओळ राहणार, हे आधीपासून बोट ठेवून सांगता येतं.

एका वाचनालयाच्या सभासदांची यादी घेऊ. पहिल्या ओळीत शीर्षकं आहेत आणि दोन ते अकरा या ओळींत दहा सभासद. तिसऱ्या कॉलममध्ये सभासदत्व चालू असेल तर Active आणि बंद असेल तर Closed लिहिलेलं आहे. चौथ्या ओळीपासून सातव्यापर्यंत ओळीने जोशी, शिंदे, पवार आणि कदम हे चौघं बंद सभासद आहेत. दहाव्या ओळीतले देसाईही बंद. बाकी सगळे चालू. मॅक्रो असा:

```
For i = 2 To 11
  If Cells(i, 3).Value = "Closed" Then
    Rows(i).Delete
  End If
Next i
```

वाचायला यात काहीच खटकत नाही. दुसऱ्या ओळीपासून अकराव्यापर्यंत जा, प्रत्येक ओळीचा तिसरा कॉलम पाहा, तिथे Closed असेल तर ती ओळ काढून टाका. आता मॅक्रोबरोबर आपणही चालू.

दुसरी आणि तिसरी ओळ चालू सभासदांची, म्हणून तिथे काही घडत नाही. i चार होतो. चौथ्या ओळीत जोशी आहेत, त्यांची ओळ जाते. एक्सेल ती जागा रिकामी ठेवत नाही, खालच्या सगळ्या ओळी एकेक घर वर घेतं. पाचवर असलेले शिंदे चारवर येतात, पवार पाचवर, कदम सहावर. पण मॅक्रोला याचा पत्ता नसतो. Next i म्हणजे i मध्ये एक मिळवा, एवढंच त्याला ठाऊक. i पाच होतो आणि मॅक्रो पाचवी ओळ पाहतो. तिथे आता पवार आहेत. शिंद्यांची ओळ त्याने पाहिलीच नाही.

पवारांची ओळ जाते. सहावर आलेले कदम आता पाचवर सरकतात आणि i सहा होतो, म्हणजे कदमही तपासणीतून सुटतात. पुढे दोन चालू सभासद लागतात. देसाई एव्हाना दहावरून आठवर आलेले असतात, तिथे ते सापडतात आणि जातात. पाच बंद सभासदांपैकी तीन गेले. शिंदे आणि कदम राहिले.

बाकावर ओळीने बसलेल्या मुलांतला एक उठून गेला, बाकीची पुढे सरकली आणि हजेरी घेणारे गुरुजी मात्र पुढच्या जागेकडे गेले, तर जे होईल तेच इथे होतं. काढलेल्या प्रत्येक ओळीच्या लगेच खालची ओळ न तपासता राहते. ती चालू सभासदाची असेल तर नुकसान नाही, म्हणून काही दिसतही नाही. ती बंद सभासदाची असेल तर ती वाचते. सलग आठ ओळी काढायच्या असतील तर पहिल्या फेरीत चार जातात, दुसरीत दोन, मग एक, आणि चौथ्या फेरीत शेवटची.

चाचणीत ही चूक लपते ती यामुळेच. नमुन्याच्या यादीत बंद सभासद विखुरलेले असले, तर मॅक्रो अगदी बरोबर उत्तर देतो. आणि खरी यादी कुणी नीटनेटकेपणाने तिसऱ्या कॉलमनुसार सॉर्ट करून ठेवली, की सगळे बंद सभासद एकाखाली एक येतात आणि जवळजवळ निम्मे वाचतात. उरलेल्या नावांची मूळ यादीतली जागा पाहिली आणि प्रत्येकाच्या वर एक काढलेली ओळ निघाली, की दुखणं हेच.

इथवर नको ती ओळ राहते, पण हवी ती जात नाही. एका प्रकारात मात्र हव्या असलेल्या ओळीही जातात. दुसऱ्या एखाद्या प्रणालीतून आलेल्या अहवालात कधी कधी प्रत्येक नोंदीखाली एक कोरी ओळ असते. समजा दोन, चार, सहा अशा सम ओळी कोऱ्या आहेत. मग कुणी न तपासताच दोनच्या पावलांनी ओळी काढतो:

```
For i = 2 To 20 Step 2
  Rows(i).Delete
Next i
```

दुसरी ओळ गेली की मूळची पाचवी ओळ चौथ्या जागी येते, आणि मॅक्रो चौथी जागा काढतो. मग मूळची आठवी, मग अकरावी. एकाआड एक काढायला गेलेला मॅक्रो दर तिसरी ओळ काढतो, आणि त्यांतल्या पाचवी, अकरावी या भरलेल्या नोंदी असतात. मॅक्रोने केलेला बदल Ctrl+Z ने परत येत नाही. म्हणून आधी फाइलची प्रत ठेवायची.

उपाय म्हणजे यादी खालून वर तपासायची:

```
For i = 11 To 2 Step -1
```

ओळ काढल्यावर सरकतात त्या तिच्या खालच्या ओळी, आणि त्या आधीच तपासून झालेल्या असतात. वरच्या, अजून न पाहिलेल्या ओळी जागच्या हलत नाहीत. दोनच्या पावलांच्या मॅक्रोलाही हाच उलटा क्रम लागू पडतो.

काही जण दुसरी वाट धरतात. वरूनच खाली यायचं, पण ओळ काढली की i एकाने मागे घ्यायचा. Closed शोधताना हे चालतं. कोऱ्या ओळी काढताना मात्र मॅक्रो अडकतो. For सुरू होताना ठरलेली शेवटची ओळ ओळी कमी झाल्या तरी बदलत नाही, त्यामुळे मॅक्रो यादी संपल्यानंतरच्या कोऱ्या भागात शिरतो. तिथली कोरी ओळ काढली की तिच्या जागी दुसरी कोरी ओळ येते, i मागे जातो आणि हे थांबतच नाही. मग Esc किंवा Ctrl+Break दाबून मॅक्रो तोडावा लागतो.

मॅक्रोशिवायही काम होतं. फिल्टर लावून फक्त Closed ओळी दाखवायच्या आणि दिसणाऱ्या ओळी निवडून एकदम काढायच्या. काय काढायचं हे आधी ठरतं आणि काढणं एकाच वेळी होतं, त्यामुळे सरकण्याचा घोळ उद्भवत नाही.

संशय असेल तर Alt+F11 ने मॅक्रोची खिडकी उघडून F8 दाबत एकेक आज्ञा चालवावी आणि शेजारी शीट पाहावी. जोशींची ओळ जाताच शिंदे वर सरकताना दिसतात. रोजच्या कामाला याहून सोपी खूण पुरते. पहिल्या ओळीच्या एका रिकाम्या खान्यात, समजा E1 मध्ये, हे सूत्र ठेवायचं:

```
=COUNTIF(C:C,"Closed")
```

मॅक्रोआधी ते आपल्या यादीसाठी पाच दाखवेल, नंतर शून्य दाखवायला हवं. दोन दाखवलं, तर मॅक्रो पुन्हा चालवून ते शून्यावर आणायचं नाही. मूळ प्रत उघडायची आणि For ची ओळ आधी दुरुस्त करायची.