महागाई अंदाजापेक्षा वाढली की कोणाचे फावते?

नामपूर हे बागलाण तालुक्यातले, मोसम खोऱ्यातले कांद्याच्या बाजाराचे गाव. खानदेश-बागलाणात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराचे एक वर्ष संपते व दुसरे सुरू होते. वर्षभर राबण्याचा आकडा त्या वेळी ठरतो. तो ठरवताना मालक आणि सालदार दोघेही मनात एक अंदाज बांधतात. येत्या वर्षात तेल, डाळ, गॅस किती महागेल? हा अंदाज चुकला तर कोण मरतो आणि कोण तरतो, एवढ्या एकाच प्रश्नाकडे आम्ही आज वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. सालदाराची मजुरी, म्हातारपणाची ठेव आणि कांद्यावरचे कर्ज या तिन्ही गोष्टींचे उत्तर त्यात आहे.

आधी ठेवीचे पाहू. समजा, नामपूरच्या वस्तीतील एका निवृत्त सफाई कामगाराने एप्रिल २०२२ मध्ये बँकेत १ लाख रुपये वर्षभरासाठी ठेवले. त्या काळात अशा ठेवीवर ५ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे. पावतीवर छापलेल्या या दराला अर्थशास्त्रात नाममात्र व्याजदर म्हणतात. नाममात्र म्हणजे थोडा असे नव्हे. नावापुरता, रुपयात मोजलेला. पण आपण रुपये खात नाही, धान्य खातो. तेव्हा व्याजातून महागाई वजा केल्यावर जे उरते तोच वास्तव व्याजदर. ठेव ठेवताना पुढची महागाई कोणालाच ठाऊक नसते. म्हणून त्या वेळी वजा होते ती अपेक्षित महागाई. अमेरिकन अर्थतज्ज्ञ आयर्विंग फिशर यांच्या नावाने हे समीकरण ओळखले जाते: नाममात्र दर म्हणजे वास्तव दर अधिक अपेक्षित महागाई.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने २०२२-२३ साठी महागाईचा अंदाज दिला होता ४.५ टक्के. तो खरा ठरता तर आमच्या कामगाराच्या १ लाख ५ हजारांची खरेदीशक्ती जुन्या भावाने सुमारे १ लाख ४७८ रुपये राहिली असती. नफा किरकोळ, पण नफाच. परंतु त्याच महिन्यात युक्रेनचे युद्ध पेटले, तेल आणि धान्य भडकले आणि वर्षाची सरासरी महागाई निघाली ६.७ टक्के. त्याच १ लाख ५ हजारांची जुन्या भावाने किंमत उरली सुमारे ९८ हजार ४०० रुपये. पासबुकात ५ हजारांची भर, घरात १ हजार ६०० रुपयांची तूट! वास्तव दर उणे झाला. कोणी चोरी केली नाही, बँकेने शब्द मोडला नाही. तरीही पैसा गेला.

गेला तो कोणाकडे? कर्जदाराकडे. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. महागाई सगळ्यांनी आधीच ओळखली असती तर ठेवीदाराने जास्त व्याज मागितले असते, कर्जदाराने दिले असते आणि कोणाचेही विशेष नुकसान झाले नसते. संपत्ती एका खिशातून दुसऱ्या खिशात जाते ती अनपेक्षित महागाईने. ज्याने ७ टक्के ठराविक दराने कर्ज घेतले त्याने मनाशी अडीच टक्के वास्तव व्याज धरले होते. प्रत्यक्षात ते अर्ध्या टक्क्याहूनही कमी पडले. देशातला सर्वांत मोठा कर्जदार म्हणजे सरकार. त्याचे बहुतेक रोखे ठराविक व्याजाचे असतात आणि ते घेतात बँका व विमा कंपन्या, म्हणजे शेवटी आपल्याच ठेवी आणि आपलेच हप्ते.

मग कोणी म्हणेल, गरीब तर कायमचा कर्जदार. महागाईने त्याचे भलेच झाले असेल! हा युक्तिवाद आम्हाला अनेकदा ऐकवला जातो. तो अर्धाच खरा आहे. महागाईने कर्ज हलके होते ते ज्याचे उत्पन्नही महागाईबरोबर वाढते त्याचे. कांदा उत्पादकाचे काय झाले ते पाहा. सर्वसाधारण महागाई चढी असतानाच फेब्रुवारी २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यात कांद्याचे भाव कोसळले, लासलगावला लिलाव बंद पाडले गेले आणि राज्य सरकारला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर करावे लागले. समजा, कर्ज काढताना भाव १ हजार रुपये क्विंटल होता आणि फेडताना ६०० रुपये. १ लाखाचे कर्ज म्हणजे तेव्हा १०० क्विंटल कांदा. ७ टक्के व्याजासह फेडायचे १ लाख ७ हजार, म्हणजे आता सुमारे १७८ क्विंटल. दिल्लीच्या हिशेबात त्याचा वास्तव दर शून्याजवळ. कांद्याच्या हिशेबात ७८ टक्के! खत, डिझेल महाग आणि माल स्वस्त, अशा दोन्ही बाजूंनी तो भरडला गेला.

भूमिहीनाची गोष्ट याहून वेगळी. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही. आमच्या भगिनी बचत गटाच्या नावाने मायक्रोफायनान्स कंपनीकडून पैसे उचलतात तेव्हा दर असतो वीस-चोवीस टक्के. चोवीसातून ६.७ वजा करा, सतरा टक्क्यांहून अधिक वास्तव व्याज उरतेच. ज्याला स्वस्त कर्ज मिळते त्यालाच महागाईची सवलत मिळते.

आणि सालदार? तो बँकेत जात नाही, तरी तो सावकारासारखा अडकलेला आहे. आपली वर्षभराची मेहनत त्याने आखाजीच्या भावाने आधीच विकलेली असते. त्या वर्षाअखेरीस त्याच्या रुपयात जुन्या भावाचा ९४ पैशांचा माल येत होता. त्याने मनाशी ४.५ टक्क्यांची वाढ धरली असेल, तर त्यापलीकडची प्रत्येक वाढ मालकाच्या बाजूने गेली.

बाबासाहेबांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात त्यांनी रुपयाच्या घसरणीचा लाभ सांगणाऱ्यांना उलट प्रश्न केला: हा लाभ येतो कोठून? किमती वाढतात तितक्या वेगाने मजुरी वाढत नाही. म्हणून व्यापारी-मालकाचा नफा हा मजुराच्या ताटातून आलेला असतो. तो राष्ट्राचा लाभ नसून एका वर्गाने दुसऱ्याकडून घेतलेला लाभ आहे. चलनाची किंमत स्थिर राहावी हा त्यांचा आग्रह त्यातूनच आला.

सरकारी नोकराला महागाई भत्ता आहे, कारण तो मागण्यासाठी संघटना उभी राहिली. छोट्या ठेवीदारासाठी डिसेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने महागाईवर वर दीड टक्का देणारे बचत रोखे काढले होते. ते वस्तीपर्यंत पोहोचलेच नाहीत, थंड प्रतिसाद मिळाला आणि ती विक्री थांबली. तेव्हा आखाजीला आकडा ठरवताना आमच्या सालदार बांधवांनी एक अट घालावी: दिवाळीला महागाई पाहून आकडा पुन्हा मोजायचा. मालक म्हणेल, ठरले ते ठरले. त्याला विचारावे, तेलाचा भाव ठरला होता का?