रोपवाटिकेत किती रोपे तयार करावीत?

टोमॅटोची रोपे पेरणीनंतर सुमारे २५ ते ३० दिवसांत लागवडीयोग्य होतात. त्यापुढे ती ट्रेमध्ये उंच व कमकुवत होत असल्याने न विकलेल्या रोपांचा खर्च वाया जातो. पेरणीच्या वेळी मागणी मात्र निश्चित नसते.

समजा, एका रोपाचा उत्पादन खर्च १ रुपया व विक्री दर १.६० रुपये आहे. रोप कमी पडल्यास ६० पैशांचा नफा हुकतो. उरल्यास १ रुपया बुडतो. तुटीच्या नुकसानीला दोन्ही नुकसानींच्या बेरजेने भागल्यास ०.६० ÷ १.६० = ०.३७५ हे निर्णायक गुणोत्तर मिळते.

मागील दहा हंगामांची मागणी चढत्या क्रमाने २८, ३२, ३५, ३८, ४२, ४५, ४८, ५२, ५८ व ६२ हजार होती, असे मानू. किमान ३७.५ टक्के हंगामांची मागणी ज्या संख्येत भागते, अशी सर्वांत लहान संख्या निवडावी. येथे ती चौथी, म्हणजे ३८ हजार आहे. सरासरी ४४ हजार असली तरी तेवढी रोपे करणे तोट्याचे ठरते. ३८ ते ४२ हजारांदरम्यानचे प्रत्येक रोप दहापैकी सहा हंगामांतच विकले जाते; त्यातून सरासरी ३६ पैसे मिळतात, तर चार हंगामांत उरल्याने सरासरी ४० पैसे जातात.

रोपे संपलेल्या हंगामात विक्रीचा आकडा खऱ्या मागणीपेक्षा कमी असतो. त्यामुळे रिकाम्या हाती परतलेल्या शेतकऱ्यांची मागणीही नोंदवावी. अन्यथा निवडलेली संख्या कमी येऊ शकते.