बेरजेतून फुटणारा पगार

समजा, एका कंपनीत 100 कर्मचारी आहेत. तिचा डेटाबेस कोणाचाही पगार सांगत नाही, फक्त गटाची संख्या आणि बेरीज देतो. पण हिशेब विभागात एकच स्त्री असेल, तर ‘हिशेब विभागातील स्त्रियांच्या पगाराची बेरीज’ म्हणजे तिचाच पगार. म्हणून नियम केला जातो: गट 10 पेक्षा लहान असेल तर उत्तर नाही. मोठ्या गटांवरही बंधन लागते, कारण सगळ्यांच्या बेरजेतून तिच्याखेरीज उरलेल्या 99 जणांची बेरीज वजा केली की गुपित फुटतेच. त्यामुळे 90 च्या वरचे गटही बंद.

तरीही वाट उरते. हिशेब विभागातल्या 12 जणांची बेरीज 6,40,000 रुपये, त्यातल्या 11 पुरुषांची 5,85,000. दोन्ही प्रश्न नियमात बसतात आणि वजाबाकीतून तिचे 55,000 बाहेर येतात. अशा युक्तीला ‘ट्रॅकर’ म्हणतात. डोरोथी डेनिंग आणि सहकाऱ्यांनी 1979 मध्ये दाखवले की असा ट्रॅकर बहुधा सहज सापडतो. माझ्या मते नियमाची खरी उणीव इथे आहे: तो प्रत्येक प्रश्न सुटा तपासतो, दोन उत्तरांमधला फरक पाहत नाही. आधीचे प्रश्न लक्षात ठेवून तपासता येतात, पण दोघांनी संगनमताने एकेक प्रश्न विचारला तर तेही अपुरे पडते.