नकाराचं कारण शोधताना: आईंच्या गोळ्यांचा एक दिवस

सकाळी ७.३०
सासूबाई उठल्या की गोळ्यांचं नाव काढत नाही. रात्रभरात तोंड कोरडं पडलेलं असतं, गोळी जिभेला चिकटते आणि थुंकली जाते. आधी चूळ, चहा, अंघोळ.

सकाळी ९
स्मृतिभ्रंशातही दिवसाची एक वेळ बरी असते. त्यांची ही, नाश्त्यानंतरची. टीव्ही बंद करून समोर बसते, घोटभर पाणी पाजते आणि एकच गोळी तळहातावर ठेवते.
“आई, ही बीपीची.”
ती छोटी गोळी त्या घेतात. स्मरणशक्तीची डोनेपेझिलही घेतात. पूर्वी ती रात्री असे, पण तेव्हा त्या थकून चिडायच्या, म्हणून डॉक्टरांनी सकाळवर आणली. साखरेची लांबट गोळी पाहताच मात्र ओठ मिटतात.
“नको म्हटलं ना!”
“बरं, राहू दे.” गोळी डब्यात परत जाते, समोर पडू देत नाही.

सकाळी ९.३०
पुन्हा विचारते. त्या गळ्याला हात लावतात. “अडकते गं.”
हे कळल्यावर आग्रह थांबवते.

सकाळी ११
डॉक्टरांना फोन. मेटफॉर्मिनची ही १००० मिलिग्रॅमची गोळी औषध हळूहळू सोडणारी आहे. कुटली तर सगळं एकदम शरीरात जातं. पाणी पिताना ठसका लागतो का, हे डॉक्टर विचारून घेतात. तो लागत नाही. मग ते ५०० ची साधी, लहान गोळी दोनदा जेवणासोबत लिहून देतात आणि आज रात्रीपासून सुरू करायला सांगतात.

दुपारी १
नणंद फोनवर म्हणते, “वरणात कालवून दे की.”
मी नाही म्हणते. कडू चव लागली तर आई जेवणावरच संशय घेतील. शिवाय त्यांनी नकार दिला आहे, तो मी चोरून मोडायचा नाही. औषध अत्यावश्यक असून सगळे उपाय थकले, तर लपवून देण्याचा निर्णय डॉक्टर आणि घरच्यांनी मिळून, लेखी घ्यायचा.

संध्याकाळी ६
“मला घरी जायचंय,” सुरू होतं. या वेळेला औषध ठेवलेलंच नाही.

रात्री ८
जेवताना नवी गोळी दाखवते. “साखरेची आहे, लहान आणलीय. दह्यासोबत घेता?”
उलटून पालटून पाहतात, घेतात. नंतर पाणी देऊन दोन शब्द बोलते. गालात राहिली असेल तर तेव्हा कळतं.

रात्री ९
वहीत लिहिते: काय घेतलं, काय नाकारलं, त्या काय म्हणाल्या. चुकलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट करून देत नाही. फिट्सचं औषध, इन्सुलिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी असती, तर एका नकारालाही लगेच फोन केला असता. न घेतलेल्या गोळीपुढे “घेतली” कधीच लिहीत नाही. तसं लिहिलं तर साखर वाढलेली पाहून डॉक्टर डोस वाढवतील, आणि एखाद्या दिवशी आई तो सगळा घेतील.