व्हिसा लागल्यावर, बॅग भरण्याआधी

जर्मनीतल्या विद्यापीठांचं हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. तिकडे निघालेली आपली बरीचशी मुलं सप्टेंबरअखेर विमानात बसतात आणि मनातलं सांगून टाकण्याचा बेतही नेमका त्याच आठवड्यात शिजतो. निरोपाच्या पार्टीनंतर पार्किंगमध्ये, नाहीतर थेट विमानतळावर. सिनेमात ते शोभतं. माझ्या मते प्रश्न ‘सांगावं की नाही’ एवढाच नसतो. समोरच्याला उत्तर द्यायला किती दिवस मिळणार, त्यावर निम्मा निर्णय अवलंबून असतो.

एक उदाहरण घेऊ. ती आखेनला मास्टर्ससाठी निघाली आहे. तो तिचा कॉलेजातला मित्र, आता हिंजवडीत नोकरीला. त्याला ती आवडते. तिचं काय, ते त्याला ठाऊक नाही. मित्र म्हणतात, ‘सांगून टाक, नाहीतर जन्मभर पस्तावशील.’ या सल्ल्याला थोडा आधार आहे. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात दाखवलं, की केलेल्या गोष्टीची खंत सुरुवातीला जास्त टोचते, पण वर्षं उलटल्यावर न केलेल्या गोष्टी अधिक सलतात. फक्त ही खंत सांगणाऱ्याची. ऐकणाऱ्याचं काय होतं, हे मित्रमंडळी विचारत नाहीत.

ते रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली विचारलं. एकतर्फी प्रेमाच्या दोन्ही बाजूंच्या हकीकती त्यांनी लिहून घेतल्या. प्रेम करणाऱ्यांच्या आठवणीत दुःखाबरोबर गोडवाही होता. नकार देणाऱ्यांच्या हकीकती मात्र जास्त कडवट निघाल्या: अपराधी वाटणं, वैताग आणि काय बोलावं तेच न सुचणं. प्रेमात पडलेल्याने काय करायचं हे कथा-गाण्यांनी शिकवलेलं असतं. चांगल्या मित्राला नाही कसं म्हणायचं, हे कोणी शिकवत नाही. मग नकार इतका मऊ केला जातो की तो ऐकूच जात नाही. ‘आत्ता काही सांगता येत नाही रे, आधी तिकडे पोचू दे,’ असं ती म्हणते आणि तो ते होकाराच्या खात्यात जमा करून वाट पाहत बसतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी विचारलं, तर हेच उत्तर मिळणार. होकार असो वा नकार, बॅगेचं वजन आणि आईचे डोळे सांभाळणाऱ्या मुलीकडून दुसरं उत्तर यावं कसं? व्हिसा हातात येण्याआधीचे दिवसही नकोत. अपॉइंटमेंट, कर्जाची कागदपत्रं यांत तिचा जीव टांगलेला असतो. व्हिसा लागल्यापासून खरेदीची धावपळ सुरू होईपर्यंतचे तीन-चार आठवडे त्यातल्या त्यात बरे. त्या काळात उत्तर शब्दांत आलं नाही तरी वागण्यात दिसतं. सांगितल्यानंतर ती आपणहून भेट ठरवते का, की आता प्रत्येक वेळी तिसरं कोणीतरी बरोबर असतं? दुसरं घडत असेल तर उत्तर मिळालं आहे. तिच्याकडून ते शब्दांत वदवून घेण्याचा हट्ट धरू नये.

सांगायचं नक्की काय, हेही आधी ठरवावं. ‘मला तू आवडतेस’ हे सांगणं झालं. ‘आपण दोन वर्षं थांबूया का?’ हे मागणं झालं. मागणं करायचं तर हिशेब खरा हवा. मास्टर्स चार सत्रांचं, पण पदवीनंतर नोकरी शोधायला जर्मनी १८ महिन्यांपर्यंत राहू देते, आणि बहुतेक जण ती संधी सोडत नाहीत. म्हणजे दोन नव्हे, साडेतीन वर्षं धरावीत; नोकरी लागली तर त्याहून जास्त. दोघं पंचविशीत असतील, तर तोवर घरी स्थळांचा विषय निघालेला असतो. रोजचं बोलणं त्यामानाने सोपं. वेळेतला फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. ती संध्याकाळी सहाला मोकळी झाली, तर इथे साडेदहा वाजलेले असतात. कॅलिफोर्नियाला गेलेल्या मुलीशी बोलायचं, तर एकाची रात्र आणि दुसऱ्याची सकाळ.

कोण जातंय यानेही फरक पडतो. राहणाऱ्याने सांगितलं की ‘जाऊ नकोस’ असा अर्थ निघू शकतो, म्हणून ‘तू जायलाच हवंस’ हे त्याने आधी बोलावं. जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला नवं शहर, नवी माणसं मिळतात. ऐकणारी मात्र त्याच कट्ट्यावर, त्याच ग्रुपमध्ये उरते. त्याला काहीच मागायचं नसेल, केवळ मन हलकं करून निघायचं असेल, तर त्याने गप्प राहिलेलं बरं. मागायचं असेल, तर ऑगस्टमध्येच विचारावं, समोर बसून, ग्रुपमधल्या कोणाला आधी न सांगता.