लेखांक सहावा : ‘पूर्वी’चा आकडा

जून महिन्यात दहावीचा निकाल लागला, की तालुक्याच्या गावी बसस्थानकापासून बाजारपेठेपर्यंत शिकवणीवर्गांचे फ्लेक्स उभे राहतात, आणि अलीकडे त्यांवर केवळ गुणवंतांची छायाचित्रे न देता ‘नववीत ६५ टक्के, दहावीत ७७.८ टक्के’ अशी पूर्वी-नंतरची जोडीही छापण्याचा प्रघात पडला आहे. व्यायामशाळांच्या जाहिरातींतून उचललेली ही रीत आहे. तिथे ‘पूर्वी’चे छायाचित्र पोट सैल सोडून, समोरून पडणाऱ्या सपाट उजेडात काढतात, आणि ‘नंतर’चे व्यायाम आटोपताच, श्वास आत ओढून, बाजूच्या दिव्याखाली; एवढ्यानेच एका दिवसात पुष्कळ फरक दाखविता येतो. म्हणूनच प्रामाणिक व्यायामशाळा दोन्ही वेळी तीच जागा, तोच प्रकाश, तेच अंतर आणि तीच उभे राहण्याची ढब राखते आणि खाली दोन्ही तारखा लिहिते. आकड्यांच्या बाबतीत मात्र हीच दक्षता घ्यावी लागते, हे वर्गचालकांच्या सहसा ध्यानी येत नाही.

वर दिलेल्या जोडीचेच उदाहरण, कल्पित का होईना, हिशेबाला घेऊ. या विद्यार्थ्याला नववीत सहा विषयांत मिळून ६०० पैकी ३९० गुण होते, म्हणजे ६५ टक्के. दहावीत त्याला ६०० पैकी ४५० मिळाले. पण महाराष्ट्र मंडळाच्या गुणपत्रिकेवरची टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांवर काढली जात असल्यामुळे त्याचे इंग्रजीचे ६१ गुण गळाले आणि ५०० पैकी ३८९, अर्थात ७७.८ टक्के, हा आकडा फ्लेक्सवर आला. एका बाजूला सहा विषय आणि दुसऱ्या बाजूला पाच, अशी ही तुलना आहे. सहाची सहाशी रुजवात घातली तर ६५ चे ७५ होतात. नववीतलाही सर्वांत कमी गुणांचा विषय, ४८ गुणांचे इंग्रजी, वगळला तर ६८.४ चे ७७.८ होतात. जवळजवळ तेरा टक्क्यांची म्हणून मिरविलेली झेप अशी नऊ-दहावर येते. तीही काही कमी नाही. मग ती फुगवून का सांगावी, हे मला आजवर उमगलेले नाही.

उरलेल्या वाढीतही सगळे श्रेय वर्गाचे नसते. नववीची उत्तरपत्रिका शाळेतच तपासली जाते, दहावीची मंडळाच्या परीक्षकाकडे जाते. शिवाय दहावीत चित्रकलेचे वा खेळाचे वाढीव गुण पदरात पडले असतील तर त्यांचा वर्गातील शिकवणीशी काडीचाही संबंध नसतो. याहून सूक्ष्म गोष्ट निवडीची. नववीच्या परीक्षेच्या ऐन वेळी कावीळ झालेला मुलगा पुढल्या वर्षी कोणत्याही वर्गाला न जाता बराच वर आला असता. आणि सर्वांत मोठी झेप शोधू लागले, की नेमकी अशीच मुले हाती लागतात. यावर उपाय एकच : वर्षारंभी दाखल झालेल्या सर्वांची, मध्येच वर्ग सोडून गेलेल्यांसह, यादी दप्तरी ठेवावी आणि छायाचित्राशेजारी एकूण किती जणांपैकी किती जणांचे गुण वाढले व किती जणांचे घटले, हे नमूद करावे.

कायदाही आता याच दिशेने बोलू लागला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणीवर्गांच्या जाहिरातींसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, त्यांनुसार पन्नासांहून अधिक विद्यार्थी असलेल्या वर्गाला यशस्वी विद्यार्थ्याच्या छायाचित्रासोबत त्याने कोणता पाठ्यक्रम, किती मुदतीचा, शुल्क भरून की विनाशुल्क घेतला हे सांगणे भाग आहे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत यशस्वी झालेल्यांनी केवळ मुलाखतीची विनामूल्य तालीम घेतलेली असताना त्यांना आपल्या पूर्ण पाठ्यक्रमाचे विद्यार्थी भासविणाऱ्या काही संस्थांना प्राधिकरणाने दंड केला, त्या प्रकरणांची ही परिणती. खुलासा मूळ दाव्याइतक्याच ठळक अक्षरांत हवा. कोपऱ्यात मुंगीएवढी तारांकित टीप चालत नाही. आणि विद्यार्थ्याची लेखी संमती निकालानंतर घ्यावी लागते; प्रवेशाच्या अर्जातच ‘छायाचित्र वापरण्यास हरकत नाही’ असे कलम घुसडून आगाऊ सही घेण्याची सोय उरलेली नाही. दहावीचा विद्यार्थी बहुधा अज्ञान असतो, तेव्हा पालकांची सही तर घ्यावीच. परंतु आपले नववीचे गुण चव्हाट्यावर लागणे मुलाला रुचेल का, हे त्यालाही एकांतात विचारावे, कारण वडील हौसेने होकार देतात आणि लाज वाटते ती मुलाला.

पालकांनी अशा फ्लेक्सपुढे थांबून वर्गचालकांना एवढेच विचारावे : ‘पूर्वी’चे गुण कोणत्या परीक्षेचे, किती विषयांचे, आणि हा मुलगा आपल्याकडे कोणत्या तारखेला दाखल झाला? ज्याच्या दप्तरात दाखला आहे तो हजेरीपट उघडून दाखवील. जो टाळाटाळ करील, त्याच्याकडे शुल्काचा पहिला हप्ता भरू नये.